भरून पावलो

आमच्या गावात अमुक घर कोणाचे, हे ठरवायला आजवर कधी कागद लागला नाही. ज्या ओट्यावर जो मनुष्य सकाळी बनियनवर बसून, कोणाचीही परवानगी न घेता दात घासतो, ते घर त्याचे, हा सर्वमान्य नियम आहे. आणि एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर त्या घरचे कुत्रे त्याच्यावर भुंकते की नाही हे पाहिले म्हणजे निकाल लागतो. या दोन्ही कसोट्यांवर वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले आमचे कवेलूचे घर आजोबांच्या काळापासून निर्विवादपणे आमचे आहे. ते पाडून त्याच जागेवर स्लॅबचे घर बांधावे, इंजिनिअरने काढून दिलेल्या १८ लाखांच्या अंदाजपत्रकापैकी १५ लाख बँकेकडून गृहकर्ज म्हणून घ्यावेत आणि उरलेले ३ लाख माझ्या कृषी केंद्राच्या वसूल व्हायच्या उधारीतून, म्हणजे पर्यायाने देवाच्या कृपेतून, उभे करावेत, असे घरात ठरले.

तहसिलीच्या गावच्या शाखेत कर्जाचे काम पाहणारे अधिकारी वयाने लहान, बोलण्यात नम्र आणि नकार देण्यात अत्यंत सावकाश होते. मी त्यांच्यापुढे ग्रामपंचायतीचा नमुना ८ ठेवला. त्यावर वडिलांचे नाव, घर क्रमांक, लांबी-रुंदी, घरपट्टीचा आकडा आणि ठळक गोल शिक्का असे सगळे होते. आमच्याकडे लग्न जुळवतानासुद्धा एवढा पुरावा कोणी मागत नाही.

"काका, हा कर आकारणीचा उतारा आहे," ते म्हणाले, "घरपट्टी कोणाकडून वसूल करायची, एवढंच यावरून कळतं. मालकीचा कागद कुठे आहे?"

ग्रामपंचायत कर कोणाकडून घ्यायचा याची नोंद ठेवते. जो राहतो आणि भरतो त्याचे नाव लावते, आणि घर त्याला कोठून मिळाले या चौकशीत पडत नाही. न्यायालयेही अशा उताऱ्याला ताब्याचा पुरावा म्हणून काहीसा मान देतात, पण मालकीचा पुरावा मानत नाहीत. म्हणजे आमच्या तीन पिढ्यांनी वेळेवर घरपट्टी भरून जे काही सिद्ध केले होते, ते इतकेच की आम्ही घरपट्टी वेळेवर भरतो. शेताची गोष्ट वेगळी असते. शेताला सातबारा असतो, फेरफार असतो, पटवाऱ्याकडे खात्याचा ८-अ असतो. (हा ८-अ आणि ग्रामपंचायतीचा ८ हे दोन निराळे प्राणी आहेत, बँकेच्या छापील यादीत नुसते 'नमुना ८' असल्यामुळे मी आधी पटवाऱ्याकडे जाऊन शेताचा उतारा घेऊन आलो होतो, आणि अधिकाऱ्यांनी त्यावरचे गट क्रमांक पाहून तो सौजन्याने परत केला होता.) पण आबादीतल्या घरांवर पूर्वी शेतसारा नसल्यामुळे सरकारला ती स्वतंत्रपणे मोजण्याची गरजच कधी वाटली नव्हती. शेतांच्या नकाशावर सगळी आबादी म्हणजे एक कोरा ठिपका, आणि त्या ठिपक्यात आम्ही सगळे खुशाल राहत होतो.

मी मग शेत तारण देण्याची तयारी दाखवली. चार एकर काळी जमीन, बारमाही विहीर. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर करुणा दाटली. कर्ज थकले तर न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे गृहकर्जाला शेत चालत नाही. ज्या चार एकरांवर आमचा सारा रुबाब उभा आहे, ते बँकेच्या दृष्टीने या कामापुरते नव्हतेच.

सुदैवाने गावावरून ड्रोन उडून गेलेला होता. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची अशी मोजणी होऊन घराघराला मालमत्ता पत्रक मिळते. आमच्याकडे ड्रोन यायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढायची होती, आणि त्या एका दिवसात गावातला चुना आणि गावातले सौहार्द, दोन्ही संपले. त्या वेळी मला या सगळ्याचे फार हसू आले होते. आता मात्र भूमी अभिलेख कार्यालयातून आमचे मालमत्ता पत्रक काढून आणले, आणि ते पाहून बँकेचे अधिकारी प्रथमच खुर्चीत सरळ बसले.

फक्त दोन अडचणी होत्या. नमुना ८ वर आमची जागा १,८०० चौरस फूट होती आणि पत्रकावर १५२.४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,६४० चौरस फूट. मधले १६० फूट कोठे गेले, याचा शोध घेता असे आढळले की घरामागची बोळ आजोबांनी आपल्या मापात धरली होती आणि शेजाऱ्यांच्या आजोबांनीही आपल्या मापात धरली होती. एकाच बोळीचा कर दोन घरे तीन पिढ्या भरत आली होती. ड्रोनने ती बोळ कोणालाच न देता रस्ता म्हणून दाखवली. बँक अशा वेळी दोन मापांपैकी लहान माप धरते, आणि मूल्यांकन करायला आलेल्या इंजिनिअरनेही तेच धरले. शेजाऱ्यांशी आमचे संबंध मात्र सुधारले, कारण दोघांचेही सारखेच नुकसान झाले होते.

दुसरी अडचण अशी की, पत्रकावर नाव वडिलांचे होते आणि वडील नऊ वर्षांपूर्वी वारले होते. चौकशीच्या वेळी नमुना ८ वरचे नाव जसेच्या तसे पत्रकावर उतरले होते. तेही एका परीने ठीक; पण पत्रकावर ते 'किसन', मृत्यूच्या दाखल्यावर 'कृष्णराव' आणि पुढे निघालेल्या एका जुन्या दस्तात 'किसना वल्द सखाराम' असे होते. हे तिघेही एकच इसम असल्याचे प्रतिज्ञापत्र मला करावे लागले. वडिलांना हयातीत गावाने सात-आठ नावांनी हाक मारली असेल, पण त्यांनी स्वतः तिघे असल्याचा दावा कधीच केला नव्हता.

इथून पुढे आमची फाइल बँकेच्या पॅनलवरच्या वकीलसाहेबांकडे गेली. वकील आपल्या बाजूने असतो, अशी आमची कोर्टकचेरीवरून झालेली समजूत असते. पॅनलवरचा वकील फी आपल्याकडून घेतो आणि बाजू बँकेची पाहतो, हे लक्षात यायला थोडा वेळ जातो. मृत्युपत्र न करता वडील गेले, म्हणजे घराला चार वारस: आई, दोन बहिणी आणि मी. वकीलसाहेबांनी विचारले, "बहिणींचं काय?" मी आत्मविश्वासाने संमतीपत्र पुढे केले. १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीच्या लाल शिक्क्यासह, दोघींनी 'आमची काही हरकत नाही' असे लिहून दिले होते. त्याच्यावरच तर ग्रामपंचायतीत माझे नाव लावण्याचा अर्ज केला होता.

वकीलसाहेबांनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि खाली ठेवला. "नोटरीनं सही खरी ठरते जी, हक्क सुटत नाही. स्थावरातला हिस्सा सोडायचा असला, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच पाहिजे. आज ताई नाही म्हणत नाहीत. पण उद्या जावई म्हणाले, तर बँकेनं हा कागद कोणाला दाखवायचा?"

आमच्या दोन्ही जावयांचा स्वभाव पाहता हा प्रश्न अगदीच काल्पनिक नव्हता. दुसरा मार्ग असा होता की बहिणींनी हिस्सा न सोडता गहाणाच्या कागदांवर सहमालक म्हणून सह्या कराव्यात. पण माझ्या कर्जासाठी त्यांनी वीस वर्षे अडकून राहणे मलाच प्रशस्त वाटेना. हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क अगदी थोडे लागते, कारण ते रक्ताच्या नात्यात होते. खर्च होतो तो बहिणींना एका दिवशी, एका ठिकाणी, आधार कार्डासह उभे करण्याचा. एक बहीण आर्वीकडची, दुसरी चंद्रपूरची. एकीकडे सोयाबीनची सोंगणी, दुसरीकडे नातवाची परीक्षा. अखेर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोघी उभ्या राहिल्या, दोन ओळखदार साक्षीदार उभे राहिले, फोटो निघाले, अंगठे यंत्रावर टेकवून झाले, आणि तिथल्या कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे विचारले, "हा दस्त तुम्ही राजीखुशीनं, कोणाच्या दबावाविना करून देता काय?"

"दबाव कायचा जी," मोठी बहीण म्हणाली, "दोन बस बदलून आली मी."

आईने मात्र हिस्सा सोडायला साफ नकार दिला. "घर माह्यं, अन् मीच सही करून सोडू?" एवढेच ती म्हणाली, आणि या युक्तिवादात मला कोणतीही फट सापडली नाही, वकीलसाहेबांनाही सापडली नाही. मग आई सहमालक आणि जामीनदार म्हणून कर्जात यायची ठरली. पत्रकावर वारसनोंद होऊन आई आणि मी अशी दोन नावे लागली. आता फक्त शोध अहवाल उरला, आणि ज्या घराची तीन पिढ्यांत कधी खरेदी-विक्री झालेली नाही, त्याच्या शोधात काय सापडणार, असे मी घरी सांगून ठेवले.

शोध घेणे म्हणजे दुय्यम निबंधकांकडच्या सूची क्रमांक २ च्या नोंदी वर्षावर्षाने चाळणे. अलीकडच्या नोंदी संगणकावर दिसतात. जुन्यांसाठी शुल्क भरून वह्या उघडाव्या लागतात. बँका साधारण ३० वर्षे मागे जातात. ही ३० वर्षे कोणी हौसेने ठरवलेली नाहीत: मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घेण्याचा दावा ३० वर्षांपर्यंत करता येतो, म्हणून तेवढ्या काळातले एखादे गहाण जिवंत असण्याची भीती असते. आणि सन १९९८ च्या वहीत आमचे गहाण निघाले. 'किसना वल्द सखाराम' यांनी आबादीतील राहते घर शेजारच्या मौजातल्या एका सावकाराकडे १२,००० रुपयांना, तीन वर्षांच्या मुदतीने, ताबा न देता गहाण लिहून दिले होते. नोंदणीकृत. सोडवल्याची नोंद कोठेही नव्हती.

त्या वर्षी मोठ्या बहिणीचे लग्न झाले होते. त्या लग्नात वडिलांनी आचाऱ्याशी घासाघीस केली नव्हती याचे आम्हा सगळ्यांना तेव्हा आश्चर्य वाटले होते. त्याचा उलगडा आता झाला.

"कायद्यानं हा दावा मेलेला आहे," वकीलसाहेब म्हणाले. "गहाणाचे पैसे वसूल करायला सावकाराला १२ वर्षं असतात. मुदत २००१ ला संपली, म्हणजे २०१३ नंतर त्याला काही मागता येत नाही."

"मग झालं तर," मी म्हणालो.

"मधात कोणी थोडे पैसे भरले असतील, नाहीतर बाकी कबूल करून लिहून दिलं असेल, तर मुदत तिथून पुन्हा सुरू होते. ते मला इथं बसून कसं कळणार? मला अहवालात मुदत संपली असं नाही लिहायचं भाऊ, गहाण फिटलं असं लिहायचं आहे. कागद आणा."

सावकार केव्हाच वारले होते. त्यांचे चिरंजीव नागपुरात असतात असे कळल्यावर मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते अत्यंत सज्जन निघाले. आपल्या वडिलांनी माझ्या वडिलांना कधी पैसे दिले होते, याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती. मी जोवर ओळख सांगत होतो, तोवर त्यांनी चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि गावाकडच्या आठवणी काढल्या. पण नोंदणी कार्यालयात येऊन गहाण फिटल्याचा लेख करून द्या, असे मी म्हणताच त्यांच्या डोळ्यांत एक नवीन प्रकाश उमटला. ज्या घरावर आपला हक्क आहे हे आपल्याला काल ठाऊक नव्हते, त्या घरावरचा हक्क सोडायला एक मनुष्य बसभाडे खर्चून विनंती करायला येतो, याचा अर्थ त्या घरात काहीतरी आहे. समृद्धी महामार्ग तिथून किती लांब आहे, असे त्यांनी सहज विचारले. मग, आपल्या दोन भावांनाही विचारावे लागेल, आणि त्यातला एक पुण्याला असतो, असे ते म्हणाले. पोह्यांची दुसरी फेरी आली नाही.

मी उतरलेल्या तोंडाने घरी परतलो आणि ही कथा जेवताना सांगितली. आई भाकरी कुस्करत होती. तिने मान वर न करता विचारले, "कोणता? तो बारा हजारवाला कागद?"

"तुला ठाऊक आहे?"

"पेटीत आहे ना तो. तुह्या बापानं पैसे फेडले तवा सावकारानं वापस देल्ला."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"इतके दिवस मले इचारलं कोणी? वकिलाले इचारता, नागपूरले जाता."

लोखंडी पेटीत, आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, मूळ गहाणखत होते. त्याच्या पाठीवर सावकाराच्या किरट्या अक्षरात लिहिले होते: 'सदरहू गहाणाची मुद्दल व व्याज मिळून संपूर्ण रक्कम आज रोजी भरून पावलो. आता काही एक बाकी राहिली नाही.' खाली २००३ सालची तारीख, सही आणि दोन साक्षीदार.

दुसऱ्या दिवशी तो कागद पाहून वकीलसाहेब उभे राहिले. त्यांनी एवढा आदर मला कधी दाखवला नव्हता. गहाणखताच्या पाठीवर पैसे पोचल्याचा असा शेरा असला, तर त्याची वेगळी नोंदणी लागत नाही, अशी १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमातच सूट आहे. आणि मूळ दस्त कर्जदाराकडे परत आलेला असणे हा तो व्यवहार मिटल्याचा आणखी एक पुरावा असतो. निबंधकांच्या वहीला मात्र कागदाची पाठ दिसत नाही, तिथे आमचे घर अजून गहाणच आहे. म्हणून वकीलसाहेबांनी अहवालात गहाणाचा उल्लेख करून त्याखाली शेऱ्याची नक्कल जोडली, आईचे आणि माझे प्रतिज्ञापत्र घेतले, आणि मूळ गहाणखत इतर कागदांबरोबर बँकेत ठेवावे अशी अट घातली. चिरंजीवांना मी फोन करून, आता तसदी घेऊ नये असे कळवले. ते फारच हळहळले.

जागेचे असे झाले. मिळकतीचे त्याहून अवघड होते, कारण जागा निदान डोळ्यांना दिसते.

नोकरदार मनुष्याने पगारपत्रके, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचे खाते-विवरण दिले की त्याची सुटका होते. माझे बियाणे-खतांचे दुकान आहे. वर्षाची विक्री ३६ लाख आणि जवळजवळ सगळी रोखीची. लहान व्यापाऱ्याने पूर्ण हिशेब ठेवण्याऐवजी रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरावे, अशी आयकरात सोय आहे, आणि आमचे वर्ध्याचे सीए ती सोय दरवर्षी निष्ठेने वापरतात. तेव्हा माझे वार्षिक उत्पन्न २ लाख ८८ हजार, महिन्याला २४ हजार. अधिकाऱ्यांनी ३६ लाखांचा आकडा ऐकून घेतला आणि २४ हजारांचा लिहून घेतला. त्यातला साधारण निम्मा भाग हप्त्यांना धरतात, म्हणजे १२ हजार. त्यातून मोटारसायकलचा चालू हप्ता २,१०० वजा. उरले ९,९०० रुपये. ९ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जाला दर लाखामागे सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो, म्हणून मी ११ लाखांना पात्र ठरलो. माझ्या ३६ लाखांची अशी वाफ होताना मी प्रत्यक्ष पाहिली.

त्यावर ते माझे खाते-विवरण रंगीत पेनाने रंगवू लागले. "जून-जुलैमध्ये पैसे फक्त बाहेर जातात. ऑगस्ट, सप्टेंबर जवळजवळ काहीच जमा नाही. आणि डिसेंबरात एकदम चार लाख रोख. हे कशाचे?"

"कापसाचे."

"तुमच्या शेतातल्या?"

"नाही, लोकांच्या."

"लोकांच्या कापसाचे पैसे तुमच्या खात्यात?"

मी त्यांना समजावून सांगितले की मृगात शेतकरी बियाणे आणि खत उधार नेतो, दिवाळीनंतर कापूस विकला की चुकते करतो, आणि आमच्या भागातला सगळा व्यापार या एका वाक्यावर चालतो. त्यांना ते पटले. पण पटणे निराळे आणि फाइलला लागणे निराळे. त्यांनी येणेकऱ्यांची यादी मागितली. मी उधारीची वही ठेवली. तिच्यात 'टॉवरखालचा', 'बुधवारवाला', 'मामाचा जावई' आणि 'दोन बैलजोडीवाला (लहान)' यांच्याकडे मिळून २ लाख ७० हजार येणे होते. अधिकाऱ्यांनी पूर्ण नावे विचारली. 'बुधवारवाल्या'चे पूर्ण नाव मला खरोखरच ठाऊक नव्हते, आणि त्याने आजवर कधी पैसे बुडवले नव्हते, ही माहिती त्यांच्या रकान्यात बसत नव्हती. शेवटी दुकानाचे कृषी विभागाचे परवाने आणि घाऊक विक्रेत्यांची बिले जोडून, तो डिसेंबरातला पैसा दुकानाचाच आहे, एवढे सिद्ध झाले. त्यामुळे फक्त संशय गेला. रक्कम ११ लाखांवरून हलली नाही.

शेतीचे उत्पन्न दाखवावे म्हटले, तर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घरात होता. तो मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला. त्यावरचा आकडा शिष्यवृत्तीच्या दृष्टीने सुरेख होता आणि कर्जाच्या दृष्टीने तोंड लपवावे असा होता. अधिकाऱ्यांनी कापूस विकल्याच्या पावत्या विचारल्या. ज्या वर्षी बाजार समितीत गाडी नेली त्या वर्षीची हिशेबपट्टी आणि बँकेत जमा झालेली रक्कम होती. पण दोन वर्षे दारात आलेल्या व्यापाऱ्याला खेडा खरेदीत माल घातला होता, आणि त्याचा पुरावा म्हणजे त्याने काट्यावरच्या वजनाचे हिशेब ज्या सिगारेटच्या पाकिटावर केले ते पाकीट, तेही आम्ही जपून ठेवलेले नव्हते.

आमची ही दारिद्र्याची उजळणी चालली असताना सौभाग्यवती शेजारच्या खुर्चीत गप्प बसल्या होत्या. त्या अंगणवाडी सेविका आहेत. अधिकाऱ्यांनी सहज त्यांचे पासबुक मागितले आणि पाने उलटता उलटता त्यांचा चेहरा उजळत गेला. दर महिन्याला सरकारकडून, थेट खात्यात, नाव-तारखेसह जमा. कधी उशिरा, कधी दोन महिन्यांचे एकदम. पण कोणाच्या कापसाचे नव्हे. त्या मानधनाचा काही भाग धरून आणि त्यांना सहकर्जदार करून मर्यादा १५ लाखांवर गेली. माझ्या दुकानाच्या उलाढालीपुढे तिचे मानधन घरात आजवर किरकोळीत गणले जात असे. त्या संध्याकाळपासून ते तसे गणले जात नाही, आणि दुकानाची उधारी कोणाला द्यावी याबद्दलही आता मला सूचना मिळतात.

ग्रामपंचायतीची बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, कराची चालू पावती हे सारे त्या मानाने झटपट पार पडले. मंजुरीपत्रावर सह्या करायला आम्ही तिघे गेलो. मालमत्ता पत्रक, हक्कसोडपत्र, गहाणखत, प्रतिज्ञापत्रे अशा मूळ कागदांचा गठ्ठा अधिकाऱ्यांनी एकेक नाव वाचत ताब्यात घेतला. मूळ दस्त बँकेकडे ठेवून होणाऱ्या या गहाणाची सूचना पुढे निबंधकांकडेही दाखल होणार होती. सूची क्रमांक २ च्या नशिबी आमच्या घराचे एक नवे गहाण पुन्हा आले.

आईची नजर गहाणखतावरून हलेना. "हे वापस कधी भेटन जी?"

"कर्ज फिटलं की आजी. वीस वर्षांनी. फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यावेच लागतात, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे."

"अन् नाही देल्ले तर?"

"आमच्या चुकीनं उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये बँक तुम्हाला देते."

आईने तो आकडा दोनदा विचारून घेतला. मग ती अधिकाऱ्यांच्या टेबलावर किंचित वाकली आणि समजुतीच्या स्वरात म्हणाली, "मंग बाप्पा, तवा काही घाई नोका करू. सावकाश द्या."